रजेच्या रोखीकरणावर आयकर: शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या सेवेतील भेद

सेवानिवृत्तीच्या वेळी कर्मचाऱ्याच्या हाती तीन मोठ्या रकमा येतात: उपदान, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम आणि शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास या तिन्ही रकमा पूर्णपणे करमुक्त आहेत. नगरपरिषदेसारख्या स्थानिक संस्थेतील कर्मचाऱ्यास मात्र पहिल्या दोन रकमांपुरतीच ही पूर्ण सवलत लाभते. आयकर कायद्यात उपदान व अंशराशीकरण यांच्या तरतुदींत स्थानिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. रजेच्या तरतुदीत तो नाही. तेथे पूर्ण सूट केवळ केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आहे. वेतनश्रेणी आणि रजेचे नियम शासनासारखे असल्याने हा भेद सहसा ध्यानात येत नाही.

इतर सर्वांसाठी रजेच्या रकमेची कमाल करमुक्त मर्यादा 25 लाख रुपये आहे. 1 एप्रिल 2023 पूर्वी ती अवघी 3 लाख होती. परंतु 25 लाखांच्या आतील प्रत्येक रक्कम आपोआप करमुक्त होते, हा समज बरोबर नाही. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचे सरासरी वेतन, शिल्लक रजेचे रोख मूल्य आणि 25 लाख यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी, तेवढीच करमुक्त ठरते. रजेचे मूल्य काढताना सेवेच्या प्रत्येक वर्षास तीस दिवसांहून अधिक रजा धरता येत नाही. वेतन म्हणजे येथे मूळ वेतन व महागाई भत्ता. घरभाडे भत्ता त्यात येत नाही.

उदाहरणार्थ, नगरपरिषदेतील एक लिपिक 30 जून 2025 रोजी निवृत्त झाला. शेवटच्या दहा महिन्यांपैकी पहिले सहा महिने त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 60,000 रुपये होते. पुढील चार महिने 62,000. तीनशे दिवसांच्या रजेचे रोखीकरण अखेरच्या वेतनाने झाले, म्हणून त्यास 6,20,000 रुपये मिळाले. दहा महिन्यांची सरासरी मात्र 60,800 येते. त्यामुळे दहा महिन्यांचे सरासरी वेतन आणि तीनशे दिवसांच्या रजेचे मूल्य, दोन्ही 6,08,000 होतात. तेवढी रक्कम करमुक्त. उरलेले 12,000 त्या वर्षीच्या करपात्र वेतनात मिळवावे लागतात. अखेरच्या महिन्यांत भत्ता वाढला की असा फरक निघतोच. रक्कम लहान असली, तरी लेखा शाखेने संपूर्ण 6,20,000 सूट दाखविली, तर विवरणपत्र चुकते. करकपातीच्या दाखल्यातील सुटीचा आकडा आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम तंतोतंत सारखी दिसल्यास सरासरी काढली गेली आहे काय, हे विचारून घ्यावे.

ही मर्यादा एकूण सेवेसाठी एकच आहे. पूर्वीची नोकरी सोडताना अशी सूट घेतली असल्यास तेवढी रक्कम 25 लाखांतून वजा होते. सेवेत असतानाच रजा विकली, तर ती रक्कम शासकीय कर्मचाऱ्यासही पूर्णपणे करपात्र असते. दरमहाचे निवृत्तिवेतनही सर्वांनाच करपात्र आहे.