केबलच्या दुसऱ्या टोकाला कोण?

जुन्या ऑफिसातल्या रॅकमधून निघालेली केबल भिंतीत शिरली की पुढे ती कुठे जाते, हे नुसतं पाहून कळत नाही. टोकाला चिकटवलेला कागद म्हणतो, 'दुसरा मजला, पोर्ट १२'. पण तो चिकटवल्यावर केबल कितीदा हलवली, याची नोंद बहुधा कुठेच नसते. ती उपसून बघावी, तर चालू काम बंद पडायची धास्ती.

अशा वेळी उपकरणांनाच विचारता येतं. आयईईई या संस्थेने २००५ साली प्रमाणित केलेली एलएलडीपी ही पद्धत त्यासाठीच आहे. ती चालू असलेलं उपकरण आपल्या प्रत्येक पोर्टमधून साधारणपणे दर ३० सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवतं: मी कोण, हा माझा कोणता पोर्ट, आणि ही माहिती किती वेळ खरी मानायची. ही मुदत सहसा १२० सेकंदांची असते. नवा संदेश आला नाही, तर नोंद पुसली जाते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की हा संदेश पुढे जात नाही. नियम पाळणारा स्विच तो वाचून स्वतःपाशीच ठेवतो. म्हणून जे नाव दिसतं, ते थेट केबलच्या दुसऱ्या टोकाचंच.

समजा, तो कागद एका लिनक्स सर्व्हरच्या केबलवर आहे. सर्व्हरवर `lldpd` चालू असेल, तर विचारायचं:

```
sudo lldpcli show neighbors ports eno1
```

उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा:

```
SysName:  sw-floor2
PortID:   ifname Gi1/0/21
```

मजला बरोबर, पोर्ट मात्र १२ नव्हे, २१. आता दुसऱ्या बाजूनेही खात्री करायची. स्विचवर `show lldp neighbors` दिल्यावर २१ समोर याच सर्व्हरचं नाव आलं, तर नकाशात ती रेघ निर्धास्त ओढावी. कागदावर विसंबून कोणी १२ नंबरचा पोर्ट बंद केला असता, तर भलत्याचंच काम थांबलं असतं.

मधलं पॅच पॅनेल मात्र यात दिसत नाही, कारण ते संदेश पाठवत नाही. केबल भिंतीतून कोणत्या वाटेने गेली, हे शोधायला वेगळं यंत्र लागतं. पोर्टसमोर काहीच दिसलं नाही, तर तो रिकामा आहे असंही धरू नये. अनेक स्विचांवर ही सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि साधे प्रिंटर, कॅमेरे बहुतेकदा गप्पच असतात.

याउलट एकाच पोर्टवर दोन शेजारी दिसले, तर मध्ये कोणीतरी स्वस्तातला साधा स्विच जोडलेला असण्याची दाट शक्यता असते. असे काही स्विच नियम न पाळता संदेश पुढे ढकलतात. मग टेबलाखाली वाकून बघावंच लागतं.