खांबावरची वीस मिनिटं

टिटवाळ्याजवळ काळू नदीवर रुंद्याचा पूल आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. तिकडे कल्याण-मुरबाड रस्त्यावर उल्हास चढली की रायत्याच्या पुलाची तीच गत होते. 26 जुलै 2019 च्या रात्री याच उल्हासचं पाणी बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात रुळांवर आलं, महालक्ष्मी एक्स्प्रेस त्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्या गाडीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. अशा रात्री आसपासच्या गावांत वीजही जाते आणि ती परत आणायला कुणीतरी चिखल तुडवत निघालेला असतो, ते मात्र कुणाला दिसत नाही.

गाव त्याला वायरमन म्हणतं. महावितरणच्या कागदावर तो ‘जनमित्र’ असतो. भर पावसात खांबावर चढलेला माणूस एवढंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं, पण रात्रभराच्या कामात चढण्याचा वाटा सगळ्यात लहान. खरा वेळ जातो बिघाड शोधण्यात आणि तार मेलेली आहे याची खात्री करण्यात. नदीपलीकडच्या एखाद्या गावाची अशी एक रात्र इथे मांडतो. गाव आणि माणसं नमुन्याची आहेत, काम मात्र जसं होतं तसंच.

रात्री साडेआठला लाइट जाते. त्याच क्षणी काही किलोमीटरवरच्या उपकेंद्रात ब्रेकर पडलेला असतो. कल्याण परिसरात गावोगाव जाणारी उच्चदाब लाइन बहुतेक 22 केव्हीची, म्हणजे 22 हजार व्होल्टची. उपकेंद्रातला ऑपरेटर रिलेकडे बघतो. ‘अर्थ फॉल्ट’ची खूण पडलेली असेल तर लाइनमधली वीज कुठेतरी जमिनीत उतरते आहे. फांदी टेकली असेल, तार तुटून भातखाचरात पडली असेल, नाहीतर इन्सुलेटर गेला असेल. साठ-सत्तर खांबांच्या लाइनीत नेमकं काय आणि कुठे, हे रिले सांगत नाही.

म्हणून दोघं निघतात. एकट्याने जायचं नाही, हा नियम. बॅटरीच्या उजेडात ते लाइनीखालून चालत जातात आणि तुटलेली तार आधी शोधतात, कारण पडलेल्या तारेसारखी फसवी गोष्ट नाही. ओल्या मातीत पडली तर भरपूर करंट जमिनीत जातो आणि ब्रेकर लगेच पडतो. तीच तार कोरड्या कातळावर किंवा डांबरावर पडली तर इतका थोडा करंट जातो की रिलेला तो कळतही नाही आणि तार जमिनीवर जिवंत पडून राहते. तिच्या भोवतालची जमीनही भारलेली असते. तारेपासून जसजसं लांब जावं तसा व्होल्टेज कमी होत जातो, त्यामुळे लांब ढांग टाकणाऱ्याच्या दोन पायांत फरक पडतो आणि करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. अशा ठिकाणी सापडलं तर पाय जुळवून अगदी छोटी पावलं टाकत मागे सरायचं. गाई-म्हशींच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्या आधी बळी पडतात.

तार कुठे पडलेली नाही असं दिसल्यावर लाइनीचे तुकडे पाडायचे. मध्यावर एबी स्विच असतो. खांबावर उंच बसवलेला, खालच्या दांड्याने तिन्ही तारा एकदम तोडणारा. तो उघडायचा आणि उपकेंद्राला फोन करून अलीकडचा तुकडा चालू करून बघायचा. ब्रेकर टिकला तर अलीकडची गावं उजळतात आणि बिघाड पलीकडच्या अर्ध्यात आहे हे कळतं. मग त्यातली पुढची शाखा तोडायची, पुन्हा फोन, पुन्हा चाचणी. वीज नसल्याने मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही मान टाकते. रेंज मिळवायला एकाला टेकाडावर जावं लागतं आणि दहा मिनिटांच्या चाचणीला पाऊण तास लागतो. या वेळात गावातून सतत एकच विचारणा चालू असते. “दादा, शेजारच्या गावात लाइट आली, मग आमची का नाही?” शेजारच्या गावात आली, म्हणूनच तुमचा बिघाड कुठे आहे हे कळलं, हे अंधारात भिजत समजावून सांगायला त्याला सवड नसते.

शेवटी पाच-सहा खांब उरतात. त्यांतल्या बांधावरच्या एका खांबावर आडव्या लोखंडी पट्टीशी, क्रॉसआर्मशी, काळा डाग दिसतो. पिन इन्सुलेटर गेलेला. ही चिनी मातीची वस्तू मे महिन्यात दिवसभर तापते आणि पावसाचं पाणी अचानक अंगावर आलं की टिचते. केसाएवढी चीर पडते. कोरडी असेपर्यंत ती चीर काही करत नाही, वीज चालू राहते. पाणी आत झिरपलं की तारेतला करंट चिरेतून खालच्या लोखंडी पिनेत, तिथून क्रॉसआर्ममध्ये आणि खांबातून जमिनीत उतरतो. कित्येकदा डागही नसतो आणि चीर खालून दिसत नाही. इन्सुलेशन मोजणारं मेगर लावावं, तर पावसात चांगले इन्सुलेटरही ओलसरपणामुळे कमी आकडा दाखवतात. तेव्हा अनुभवावर भिस्त ठेवून एकेक खांब चढून हाताने तपासण्याला पर्याय नसतो.

जागा सापडली, तरी अजून चढायचं नाही. आता परमिट. ऑपरेटर ब्रेकर बंद करतो, आयसोलेटर उघडतो, वहीत नाव आणि वेळ लिहितो, ‘काम चालू आहे’चा फलक लावतो. ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून, मग तो गावचा पुढारी असो की स्वतः साहेब, लाइन चालू करायची नाही. जागेवर एबी स्विच उघडून दांड्याला कुलूप. मग डिस्चार्ज रॉड. लांब दांडी, तिला जोडलेली तांब्याची वायर. आधी वायरचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं, मगच दांडीचा आकडा एकेका तारेला लावायचा. काढताना बरोबर उलटं. हा क्रम चुकला आणि तारेत वीज असली, तर ती माणसाच्या हातातून जमिनीकडे वाट काढते. कामाच्या खांबाच्या दोन्ही बाजूंना असं अर्थिंग हवं.

लाइन दोन्हीकडून तोडली, परमिट घेतलं, तरी हे कशासाठी, असं गावाला वाटतं. उत्तर गावातच असतं. रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ते, 22 हजार व्होल्टचे 433 करतं. गुणोत्तर साधारण पन्नासाचं. पण रोहित्राला दिशा कळत नाही. लग्नाच्या मंडपासाठी किंवा दुकानासाठी कुणी जनरेटर लावला आणि मेन स्विच न पाडता तो घरच्या वायरिंगला जोडला, तर त्याचे 230 व्होल्ट सर्व्हिस वायरने डीपीकडे जातात आणि पलीकडे उच्चदाबाच्या तारांत वीस हजारांच्या आसपास होऊन निघतात. बहुतेक वेळा शेजारच्या घरांच्या भाराने जनरेटर लगेच दबून बंद पडतो. पण रात्री लोकांनी मेन बंद केले असतील, डीपीवर एकटाच जनरेटर असेल, तर कुलूप लावलेल्या ‘बंद’ लाइनीवर वीज उभी राहते. चुकीच्या जोडणीचा इन्व्हर्टरही हे करू शकतो. दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं असेल तर ती वीज जमिनीत जाते, जनरेटर किंवा फ्यूज उडतो आणि वरचा माणूस वाचतो.

आता चढायचं. 22 केव्हीचा खांब बहुधा नऊ मीटरचा, त्यातला साधारण दीड मीटर जमिनीत. सिमेंटच्या खांबाला पायऱ्या नसतात, ओली शिडी टेकवून खालच्याने ती घट्ट धरायची. वर पोचल्यावर सेफ्टी बेल्ट खांबाभोवती अडकवायचा, मगच दोन्ही हात मोकळे. आकाशात वीज चमकायला लागली तर उतरायचं, कारण काही कोस दूर तारेवर पडलेली वीज तारेवरूनच इथवर येऊ शकते. गाव खालून ओरडत असलं तरी उतरायचं. या वेळी पाऊस धो धो पण ढग गडगडत नाहीत, म्हणून काम चालू होतं.

तारेला इन्सुलेटरशी बांधणारी बाइंडिंग वायर तो पकडीने सोडतो. तार आहे ‘रॅबिट’. लाइनीवरच्या तारांना अशी प्राण्यांची नावं आहेत, ‘वीझल’, ‘रॅबिट’, ‘डॉग’. रॅबिटचं वजन किलोमीटरला दोनशे किलोंच्या पुढे. दोन खांबांत साठ मीटर अंतर धरलं तर या खांबावर बारा-तेरा किलोंचा भार येतो, शिवाय ताण वेगळा. ती उचलून बाजूला दोरीने टांगायची, टिचलेला इन्सुलेटर फिरवून काढायचा, दोरीला बांधून नवा वर ओढून घ्यायचा, बसवायचा, तार खाचेत ठेवायची आणि नवी बाइंडिंग पिळून बांधायची. भिजलेल्या हातमोज्यांत बोटं जड होतात, पाणी डोळ्यांत उतरतं. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. बिघाड शोधायला साडेतीन तास गेलेले असतात.

उतरल्यावर माणसं मोजायची, हत्यारं मोजायची, अर्थिंग काढायचं, कुलूप काढून स्विच लावायचा, परमिट परत करायचं. पावणेएकच्या सुमाराला लाइन उभी राहते. तरी दोन वाड्या अंधारातच. सगळे फ्रिज, पंखे, पंप एकदम सुरू झाले आणि त्यांच्या डीपीचा फ्यूज उडाला. त्यासाठी दोघं पुन्हा निघतात.

या पावसाळ्यात लाइट गेली तर 1912 वर कळवा, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक सांगा आणि तार पडलेली किंवा खांबावर ठिणगी दिसली असेल तर ती नेमकी कुठे, हे आधी सांगा. तुमच्या त्या एका वाक्याने दोन-तीन तास वाचू शकतात. फ्रिज आणि पंप बंद करून ठेवा, लाइट आल्यावर थोड्या वेळाने एकेक लावा. आणि घरी, दुकानात, मंडपात जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय तो वायरिंगला जोडू नका. गावात कुणाकडे जनरेटर आहे, हे वायरमनला तो खांबाकडे निघण्याआधीच सांगा.