सव्वासातचा निरोप

मोशी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत पहाटे पावणेसहाला जिन्यात उभं राहावं. फर्स्ट शिफ्टचा माणूस डबा घेऊन कंपनीची बस पकडायला निघालेला असतो. समोरच्या घरात शाळेच्या डब्याची पोळी तव्यावर असते. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी इंजिनिअरिंगची मुलं दोन-तीन तासांपूर्वीच झोपलेली असतात. थर्ड शिफ्टचा माणूस अजून घरी पोहोचायचा असतो. आणि या सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच असतो.

अशा ग्रुपवर ‘पाण्याची टाकी धुणार आहोत, पाणी बंद राहील’ असा साधा निरोप टाकायचा झाला, तर तो किती वाजता टाकावा? बहुतेक सेक्रेटरी तो आपल्याला सवड मिळते तेव्हा टाकतात. कुणी सकाळी दहाला ऑफिसात स्थिरस्थावर झाल्यावर, कुणी रात्री अकराला जेवणं उरकल्यावर. मग टाकी धुण्याच्या दिवशी दुपारी एखादा कामगार झोपेतून उठतो, नळ उघडतो, कोरडा नळ पाहून खाली येतो आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणतो. ग्रुपवर निरोप असतोच, पण तो त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेला नसतो.

उदाहरणादाखल अशी एक सोसायटी धरू. बुधवारी सकाळी दहा ते दुपारी चार टाकी धुवायची आहे. आता चार जणांचे चोवीस तास शेजारी शेजारी मांडून पाहू. पाळ्यांच्या वेळा कारखान्यागणिक थोड्या बदलतात, पण सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात ही मांडणी या भागात ओळखीची आहे.

थर्ड शिफ्टवाला सकाळी आठच्या सुमारास घरी येतो, नाष्टा करून नऊला आडवा होतो आणि तीन-साडेतीनपर्यंत झोपतो. रात्री पावणेअकराला तो पुन्हा बसमध्ये असतो. सेकंड शिफ्टवाला दुपारी अडीचला घर सोडतो तो रात्री एकला परततो आणि सकाळी नऊपर्यंत झोपतो. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये राहतो. त्यामुळे पाळी चालू असताना त्याच्या हातात फोन येतो तो फक्त जेवणाच्या सुट्टीत, साधारण साडेसात ते आठ. विद्यार्थ्यांची लेक्चर्स चार-साडेचारला संपतात आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत फोन हातातच असतो. शाळकरी मुलांच्या आईबापांची सकाळ डबा, गणवेश आणि रिक्षा यांत जाते, संध्याकाळ क्लास आणि स्वयंपाकात. निवांत फोन पाहायला त्यांना रात्री नऊ-साडेनऊ होतात.

हे चार दिवस एकावर एक ठेवले की पहिली गोष्ट दिसते ती ही, की सगळे जागेही आहेत आणि मोकळेही आहेत असा एकही तास नाही. तो शोधण्यात अर्थ नाही. शोधायची आहे ती सर्वांत अरुंद फट. पालक संध्याकाळी सातचा निरोप साडेनऊला वाचू शकतात, विद्यार्थी पाचचा निरोप दहाला वाचू शकतो, थर्ड शिफ्टवाल्याकडेही साडेतीन ते पावणेअकरा असे सात तास आहेत. सेकंड शिफ्टवाल्याकडे त्या सबंध संध्याकाळी अर्धाच तास आहे. म्हणून वेळ त्याच्यावरून ठरवायची: जेवणाची सुट्टी सुरू होण्याच्या जरा आधी, सव्वासातला. लॉकर उघडून तो फोन हातात घेतो तेव्हा निरोप ग्रुपच्या तळाशी, म्हणजे उघडताक्षणी दिसेल अशा जागी असतो. थर्ड शिफ्टवाला तेव्हा जागा असतो, फर्स्ट शिफ्टवाला घरी आलेला असतो, मुलं मोकळी असतात. सोसायटीचा रात्रीचा वॉचमन आठला ड्युटीवर येत असेल, तर त्यालाही निघण्याआधी कळतं.

बाकी वेळा कुठे फसतात, तेही पाहण्यासारखं आहे. सकाळी दहाला टाकलेला निरोप थर्ड शिफ्टवाल्याच्या पहिल्या झोपेत वाजतो. त्यामागोमाग ‘ओके’, ‘धन्यवाद’ आणि अंगठ्यांची रांग लागते, तीही वाजते. दिवसाची झोप आधीच तुटक असते. उजेड, रस्त्यावरचा आवाज आणि जागं राहायला सांगणारं शरीराचं घड्याळ, तिन्ही तिच्या विरोधात असतात. तो माणूस चिडून ग्रुप म्यूट करतो. तिथे आठ तास, एक आठवडा आणि कायमचं असे पर्याय असतात आणि चिडलेला माणूस बहुधा तिसरा निवडतो. त्यानंतर त्याच्यापुरती वेळ कितीही अचूक साधली तरी फोन वाजणार नाही. चुकीच्या वेळेचा खरा तोटा एका निरोपापुरता राहत नाही, तो असा.

रात्री अकराचा निरोप विद्यार्थ्यांना तत्काळ दिसतो, पण पालक झोपायच्या तयारीत असतात आणि थर्ड शिफ्टवाला बसमधून उतरून फोन लॉकरमध्ये ठेवण्याच्या बेतात असतो. सकाळी सातला निरोप आला तर ज्या घरात मूल शाळेला निघालंय तिथे तो नुसता सरकवला जातो. ही सकाळची गडबड गेल्या काही वर्षांत थोडी सरकलीही आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. जिथे तो पाळला जातो तिथे लहान मुलांच्या घरांतली धावपळ सात ते नऊमध्ये आली, मोठ्या मुलांच्या घरांत ती सहा ते सातच राहिली. त्यामुळे ‘पालक’ हा एकसंध गट धरूनही चालत नाही.

तास ठरला, आता दिवस. बुधवारच्या कामाचा निरोप मंगळवारी संध्याकाळी टाकला, तर चुकलेल्याला दुसरी संधी उरत नाही. सोमवारी सव्वासातला टाकला तर प्रत्येकाच्या दिवसाचा एक पूर्ण फेरा त्यात येतो आणि आठवणीसाठी मंगळवारची संध्याकाळ हातात राहते. थर्ड शिफ्टवाल्यासाठी हे विशेष महत्त्वाचं, कारण बुधवारी सकाळी नऊला तो झोपेल आणि उठेल तेव्हा पाणी नसेल. बादल्या त्याला झोपण्याआधी भरायच्या आहेत.

पाळ्या दर आठवड्याला फिरतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि सुट्टीनंतर पाळी बदलते. बुधवारचं काम सुट्टीआधी येतं, म्हणून वरचं गणित सरळ बसलं. काम शुक्रवारी असतं, तर निरोप वाचतानाची पाळी वेगळी आणि पाणी बंद असतानाची वेगळी झाली असती.

निरोपाची भाषाही वेळेशी बांधलेली आहे. मंगळवारी संध्याकाळी लिहिलेलं ‘उद्या पाणी बंद’ सेकंड शिफ्टवाला रात्री सव्वाला वाचतो. तेव्हा तारीख बदललेली असते आणि त्याचा ‘उद्या’ गुरुवार होतो. म्हणून वार, तारीख आणि तास स्पष्ट हवेत, आणि तेही पहिल्याच ओळीत, कारण फोनच्या बंद पडद्यावर सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ या शब्दांत ती जागा संपते. ‘बुधवार १२ तारीख, सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद’ एवढं पहिलं लिहिलं, तर ग्रुप न उघडताही काम होतं.

सव्वासात ते साडेनऊ या दोन तासांत निरोप गप्पांखाली गाडला जाण्याची भीती असते. त्यावर उपाय दोन: निरोप पिन करणं, किंवा फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असा सूचनांचा वेगळा ग्रुप ठेवणं. दुसरा उपाय जास्त टिकाऊ, कारण त्यात ‘ओके’ची रांगही थांबते.

आता निवडलेली वेळ बरोबर होती की नाही, हे कसं कळणार? पाठवलेला निरोप दाबून धरून त्याची माहिती उघडली, की कुणाकडे पोहोचला आणि कुणी वाचला अशा दोन याद्या दिसतात. इथे एक फसगत होते. समजा ग्रुपवर ६० जण आहेत: ३४ पालक, १६ विद्यार्थी, १० पाळीवाले. सकाळी दहाचा निरोप दुपारी बारापर्यंत ४२ जणांनी वाचला, म्हणजे ७० टक्के. आकडा छान वाटतो. पण यादी नावानिशी पाहिली आणि त्या दहा पाळीवाल्यांपैकी एकानेच वाचलेला निघाला, तर ती वेळ नापासच. एकूण टक्केवारीऐवजी सर्वांत मागे राहिलेल्या गटाकडे पाहायचं.

या याद्यांना मर्यादाही आहेत. वाचला म्हणजे ग्रुप उघडला एवढंच, मजकूर समजला असं नाही. उलट पडद्यावरची ओळ वाचून फोन खिशात टाकणारा न वाचलेल्यांतच राहतो. मोठ्या ग्रुपमध्ये निळ्या टिकांची वाट पाहणंही व्यर्थ, कारण शेवटच्या माणसाने उघडल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत. मात्र एक फरक उपयोगी पडतो. निरोप पोहोचलाय पण वाचलेला नाही अशी नावं एकाच पाळीतली असतील, तर वेळ चुकली. एखाद्याकडे तो पोहोचलाच नसेल, तर त्याचा फोन किंवा डेटा बंद आहे. तिथे तास बदलून उपयोग नाही, फोन करावा लागतो.

काही निरोपांना तास निवडण्याची चैन नसते. ८ जुलै २०२४ ला मुंबईत मध्यरात्री एक ते सकाळी सात या वेळात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. महापालिकेने सकाळच्या सत्रातल्या शाळांना सुट्टी दिली आणि दुपारच्या सत्राचा निर्णय नंतर कळवला. असा निरोप मिळेल त्या क्षणी पुढे जायला हवा, कुणाची झोप मोडली तरी. आणि म्हणूनच टाकी, वर्गणी, सभेची सूचना यांसाठी अवेळी फोन वाजवायचा नसतो. तसं केल्याने जो ग्रुप म्यूट झाला, त्यावर पावसाच्या पहाटेचा निरोपही मुकाच येतो.

सेक्रेटरीला सवड रात्री अकरालाच मिळत असेल, तर तेव्हा लिहून ठेवावं आणि दुसऱ्या संध्याकाळी पाठवावं. टेलिग्राममध्ये पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ लावता येते. हाताशी अशी सोय नसेल, तर मजकूर स्वतःलाच पाठवून ठेवायचा आणि सातला गजर लावायचा. मंगळवारी रात्री साडेनऊला यादी पुन्हा उघडायची. तोवर दोन-तीनच नावं उरलेली असतात, आणि त्या दारांवरची बेल वाजवायला ड्युटीवर आलेला वॉचमन असतो.