वर्षाला शंभर लिफाफे

ई-सहीची सेवा घेताना बहुतेक जण महिन्याचा दर पाहतात आणि सर्वांत स्वस्त प्लॅन निवडतात. खरं बंधन दराच्या खाली बारीक अक्षरांत असतं. महिन्याला किंवा वर्षाला किती वेळा कागद सहीसाठी पाठवता येईल, ते तिथे लिहिलेलं असतं.

डॉक्युसाइन या अमेरिकी सेवेचंच पाहा. तिचे तीन नेहमीचे प्लॅन आहेत. वर्षाचे पैसे एकदम भरले, तर अमेरिकेतल्या दरपत्रकाप्रमाणे पर्सनलला महिना सुमारे 10 डॉलर, स्टँडर्डला माणशी 25 आणि बिझनेस प्रोला माणशी 40 डॉलर पडतात. पर्सनलमध्ये महिन्याला पाच वेळाच पाठवता येतं. वरच्या दोन्ही प्लॅनमध्ये माणशी वर्षाला शंभर. स्टँडर्डहून बिझनेस प्रोला जास्त पैसे मोजले, तरी हा आकडा शंभरच राहतो. जास्तीच्या पैशात सोयी मिळतात, संख्या वाढत नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

सोयींची वाटणीही पायरीपायरीने केलेली आहे. टेम्प्लेट म्हणजे सहीच्या, तारखेच्या जागा आधीच आखून ठेवलेला कागद. तो पर्सनलमध्येही स्वतःपुरता करता येतो, पण सहकाऱ्यांनाही वापरता यावा असा हवा असेल तर स्टँडर्ड घ्यावा लागतो. सही न करणाऱ्याला ठरावीक दिवसांनी आपोआप आठवण करून देणारा रिमाइंडरही स्टँडर्डपासून मिळतो. एकाच मजकुराचा कागद अनेकांना वेगवेगळा पाठवणारं Bulk Send मात्र बिझनेस प्रोमध्येच आहे.

मोजणी होते ती लिफाफ्यांची, Envelope नावाने. एका लिफाफ्यात कितीतरी कागद बसतात आणि सही करणारेही अनेक असू शकतात. नव्या कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र, गोपनीयतेचा करार आणि नियमावली असे तीन कागद द्यायचे असतील, तर ते एकत्र पाठवल्यास एकच लिफाफा खर्च होतो. वेगवेगळे पाठवले तर तीन. संस्थेच्या ठरावावर बारा सभासदांच्या सह्या हव्या असतील, तरी लिफाफा एकच.

आता समजा, ठाण्यातल्या एका शिकवणीवर्गाला जूनमध्ये 90 पालकांकडून संमतीपत्र घ्यायचं आहे. कार्यालयात पाठवणारी व्यक्ती एकच, म्हणून एका माणसापुरता बिझनेस प्रो घेतला. नाव आणि ईमेलची यादी तयार करून ती CSV फाइल चढवली आणि Bulk Send केलं. काम काही मिनिटांत आटोपतं, पण प्रत्येक पालकासाठी स्वतंत्र लिफाफा तयार होतो, म्हणजे 90 लिफाफे एका दुपारी संपतात. उरलेल्या वर्षासाठी दहाच राहतात, आणि शिक्षकांचे करार तर अजून व्हायचे आहेत! सगळ्या पालकांना एकाच लिफाफ्यात घालावं, तर त्यातला कागद साधारणपणे सर्वांना दिसतो. कुठल्या मुलाचं काय, हे इतर पालकांनी पाहणं योग्य नाही. एरवी सोयीच्या असलेल्या Bulk Send साठी शंभरची मर्यादा फारच तोकडी आहे.

चुकांचा हिशेबही असाच लागतो. लिफाफा पाठवला की तो मोजला जातो, समोरच्याने सही करो वा न करो. ईमेलमध्ये एक अक्षर चुकलं म्हणून Void करून नव्याने पाठवलं, तर दोन लिफाफे गेले. त्याऐवजी Correct वापरून पत्ता दुरुस्त करावा; तोच लिफाफा पुढे जातो. रिमाइंडर किंवा Resend यांनीही संख्या वाढत नाही. मसुदा लिहून ठेवला आणि पाठवला नाही, तर तो मोजलाच जात नाही.

सगळ्या कंपन्या मात्र असंच करत नाहीत. ड्रॉपबॉक्स साइनच्या एसेन्शियल्स प्लॅनमध्ये कागद कितीही पाठवता येतात, पण टेम्प्लेट पाचच मिळतात. स्टँडर्डमध्ये टेम्प्लेट पंधरा होतात आणि एकगठ्ठा पाठवण्याची सोयही येते. चेन्नईच्या झोहो कंपनीच्या झोहो साइनचा मोफत प्लॅन महिन्याला पाच कागदांपुरता आहे. मोजकेच भाडेकरार करणाऱ्या घरमालकाला तो पुरतो. शाळेला किंवा सोसायटीला पुरत नाही.

दर आणि मर्यादा कंपन्या बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्यांचं ताजं पान पाहावं. त्याहीआधी गेल्या वर्षीची फाइल काढून किती जणांना किती वेळा कागद पाठवले ते मोजावं, आणि त्यातले किती एकाच मजकुराचे होते ते वेगळं लिहावं. हा दुसरा आकडा शंभराच्या आसपास असेल, तर प्लॅन निवडण्याआधी कंपनीला विचारा: वर्षाची संख्या संपल्यावर पुढच्या प्रत्येक लिफाफ्याला किती पैसे लागतील? उत्तर लेखी घ्या.