चेक्सच्या साडीवर फुलांचा ब्लाउज: गोंधळ न होता डिझाइन कसं मिसळायचं?



बुटीक किंवा ब्लाउज शिवणाचा व्यवसाय करायचा विचार असेल, तर एक प्रश्न तुमच्यासमोर येणारच. ग्राहक चेक्सची साडी घेऊन येते आणि म्हणते, "ताई, यावर प्लेन ब्लाउज नको, काहीतरी वेगळं द्या." इथे चुकीचं कापड निवडलं, तर शिलाई कितीही सुबक असली तरी तो ब्लाउज कपाटातच राहतो आणि ती बाई पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

खरं तर डिझाइनवर डिझाइन आपल्याकडे जुनंच आहे. चौकडीचं इरकल आणि त्यावर बारीक नक्षीचा खणाचा ब्लाउज आठवा. ही जोडी डोळ्यांना खुपत नाही, कारण चौकडी मोठी आणि खणाची नक्षी बारीक असते. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, तर खण जवळजवळ प्लेनच वाटतो. आपल्याला नेमकं हेच करायचं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. साडी ऑफव्हाइट, त्यावर मरून रेघांची एक इंचाची चौकडी. ब्लाउजसाठी तुमच्याकडे तीन कापडं आहेत.

पहिलं कापड: ऑफव्हाइटवर एक इंचाची मरून फुलं. रंग तर जुळतात, मग अडचण काय? फूल आणि चौकडी एकाच मापाची आहेत. दोन्ही सारखीच उठून दिसतात, त्यामुळे नजर कुठे थांबवायची हेच कळत नाही. लोक "गिचमिड दिसतंय" म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरं कापड: पिवळ्यावर बारीक हिरवी फुलं. इथे माप बरोबर आहे, पण साडीतला एकही रंग ब्लाउजमध्ये नाही. त्यामुळे घरात मिळेल तो ब्लाउज घातल्यासारखं वाटतं.

तिसरं कापड: मरूनवर पाव इंचाची ऑफव्हाइट फुलं. दोन्ही रंग साडीतलेच आणि फूल चौकडीच्या पाव मापाचं. हे घ्या!

म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. एक, दोन्ही डिझाइनमध्ये निदान एक रंग समान हवा. दोन, एका डिझाइनचं माप दुसऱ्याच्या साधारण तिप्पट तरी हवं. हा काही कायदा नाही, पण दुकानात उभं राहून पटकन ठरवायला हा अंदाज पुरतो.

त्यात पट्ट्यांचं, म्हणजे दुकानात ज्याला लायनिंग म्हणतात त्याचं, कापडही घालायचं आहे? घाला, पण अगदी थोडं. याच मरून-ऑफव्हाइट रंगांतल्या बारीक लायनिंगची उरेब पट्टी कापून गळ्याला आणि बाहीच्या कडेला पायपिंग करा. उरेब कापल्यामुळे रेघा तिरप्या पडतात, चौकडीच्या उभ्या-आडव्या रेघांपासून वेगळ्या दिसतात आणि पट्टी गळ्याच्या गोलाईवर नीट बसते. मात्र अख्खी बाही लायनिंगची केली, तर तिन्ही डिझाइन एकमेकांशी भांडतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती पांढऱ्या रंगात. साडी ऑफव्हाइट आणि ब्लाउजवरची फुलं शुभ्र पांढरी असतील, तर साडी मळकी वाटू लागते. ट्यूबलाइटखाली हा फरक सहज कळत नाही, म्हणून दोन्ही कापडं दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात नेऊन शेजारी धरा.

कापायच्या आधी आणखी एक तपासणी करा. साडीची घडी टेबलावर मोठी पसरा आणि ब्लाउजचं कापड त्यावर ब्लाउजएवढंच दिसेल असं दुमडून ठेवा. सहा-सात फुटांवरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. ब्लाउज कुठे संपतो आणि साडी कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसलं, तर जोडी जमली. दोन्ही एकाच करड्या ठिपक्यांत मिसळून गेली, तर ब्लाउजचं कापड जास्त गडद किंवा जास्त फिकं घ्या.

आणि दर सांगण्याआधी हे बघा: उलटी ऑर्डर आली, म्हणजे साडी फुलांची आणि ब्लाउज मोठ्या चेक्सचा, तर शिवणीवर चौकडी जुळवावी लागते. त्यासाठी प्रत्येक तुकडा रेघ जुळेपर्यंत सरकवून कापायचा, म्हणजे कापडही जास्त लागतं आणि वेळही. हे दोन्ही दरात आधीच धरा. ग्राहकाचं बजेट कमी असेल, तर बारीक चेक्स सुचवा. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळ्यांना जाणवत नाही.