वेळापत्रकाच्या चौकटी कानांनी वाचताना

आपल्याकडच्या शाळांच्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीचा स्तंभ लगेच ओळखू येतो. डावीकडे वार, वर तासिका, आणि चौथ्या-पाचव्या तासाच्या मध्ये एक अरुंद उभी पट्टी. त्या पट्टीत वरून खाली एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहिलेले असते: म, ध, ली, सु, ट्टी. सोमवार ते शुक्रवार पाच ओळी आणि पाच अक्षरे, त्यामुळे ती नेमकी बसतात. भिंतीवरच्या कागदासाठी ही सोय उत्तम आहे. हेच वेळापत्रक शाळेच्या संकेतस्थळावर जसेच्या तसे चढवले की काय होते, ते मी इतिहास शिकवणाऱ्या एका दृष्टिहीन सरांच्या शेजारी बसून ऐकले.

सर विंडोजच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. तो मोफत मिळतो. T दाबले की तो पानावरच्या पुढच्या तक्त्यावर जातो आणि Ctrl व Alt धरून बाणांच्या कळा दाबल्या की एकेक चौकट ओलांडता येते. आठवीच्या वेळापत्रकात बुधवारच्या ओळीत सर उजवीकडे सरकत होते. ‘स्तंभ 5, भूगोल’, मग ‘स्तंभ 6, ली’, मग ‘स्तंभ 7, इतिहास’. सर थांबले. म्हणाले, ‘‘इतिहास सापडला. पण हा ‘ली’ कोणता विषय? आणि सातवा स्तंभ म्हणजे कितवा तास?’’ पहिला स्तंभ वारांचा, सहावा सुट्टीचा. म्हणजे सातवा स्तंभ हा पाचवा तास. हे गणित त्यांना प्रत्येक चौकटीला मनात करावे लागत होते. आणि ओळ बुधवारचीच आहे ना, हे पाहायला पुन्हा डावीकडच्या टोकाला जावे लागत होते.

डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्या तक्त्यात काहीच खटकले नसते. वार ठळक होते, तासिकांच्या ओळीला निळा रंग होता. पण मागचा कोड उघडला तर वार, तासिका, विषय, सगळे एकाच जातीच्या चौकटींत होते: `<td>`, म्हणजे माहितीची साधी चौकट. ठळकपणा आणि रंग वरून चढवलेले. कार्यालयातल्या संगणकावर तयार केलेला तक्ता ‘वेब पेज’ म्हणून साठवला की बहुधा असेच होते. बुधवार हे त्या ओळीचे नाव आहे, हे ब्राउझरला कुणी सांगितलेलेच नसते, मग तो स्क्रीन रीडरला काय सांगणार?

ते सांगण्याची सोय जुनी आहे. `<th>` म्हणजे शीर्षकाची चौकट, आणि तिच्यावर `scope` लिहून ती खालच्या स्तंभाची की शेजारच्या ओळीची, हे ठरवायचे. `scope` डिसेंबर 1997 मध्ये एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत आले. आठवीच्या तक्त्याची पहिली ओळ आम्ही अशी लिहिली:

```html
<tr>
  <th scope="col">वार</th>
  <th scope="col">तास 1, 11:00</th>
  <th scope="col">तास 2, 11:35</th>
  ...
</tr>
```

आणि पुढची प्रत्येक ओळ वाराच्या शीर्षकाने सुरू केली:

```html
<tr>
  <th scope="row">बुधवार</th>
  <td>मराठी</td>
  <td>गणित</td>
  ...
</tr>
```

यातल्या दोन गोष्टींवर आम्ही बराच वेळ घालवला. पहिली, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली चौकट. बहुतेक वेळापत्रकांत ती रिकामी असते आणि कोडमध्ये रिकामी `<td>` म्हणून येते. `scope` लिहिलेले नसेल तर शीर्षक कुणाचे हे ब्राउझरला अंदाजाने ठरवावे लागते, आणि त्यासाठी एचटीएमएलचा नियम असा आहे: ज्या ओळीत माहितीची एकही चौकट नाही, तिच्यातली `<th>` स्तंभांची शीर्षके समजायची. कोपऱ्यात एक `<td>` आली की नियमाच्या भाषेत ती ओळ निव्वळ शीर्षकांची राहत नाही. ब्राउझर बऱ्याचदा सांभाळून घेतात, पण त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा `scope` लिहावे. कोपऱ्यात ‘वार’ लिहावे हेही बरे, कारण पहिल्या स्तंभाचे नाव खरोखरच तेच आहे.

दुसरी गोष्ट शीर्षकाच्या लांबीची. ओळीत आडवे सरकताना एनव्हीडीए दर वेळी नव्या स्तंभाचे शीर्षक बोलतो आणि मग विषय. उभे सरकताना वार आणि मग विषय. म्हणून शीर्षकात ‘पहिली तासिका, सकाळी 11 वाजून 0 मिनिटे ते 11 वाजून 35 मिनिटे’ असे लिहिले, तर ते सगळे विषयाच्या आधी ऐकावे लागते. सरांनी पहिल्यांदा ऐकले आणि सांगितले, ‘‘तास कितवा आणि सुरू कधी होतो, एवढे पुरे. संपतो तेव्हा घंटा वाजतेच.’’ म्हणून ‘तास 1, 11:00’.

मग आली मधली सुट्टी. अक्षरे तोडून लिहायची नाहीत एवढे नक्की होते. पाच ओळींची मिळून एकच उभी चौकट करता येते. त्यासाठी सोमवारच्या ओळीत `rowspan="5"` लिहायचे आणि मंगळवारपासूनच्या चार ओळींत ती चौकट लिहायचीच नाही. ते चालते, पण पुढे कुणी वेळापत्रक बदलताना मंगळवारी सवयीने एक चौकट जास्त लिहिली की पाचव्या तासापासूनचे सगळे विषय एक घर उजवीकडे ढकलले जातात आणि शेवटचा तक्त्याच्या कडेबाहेर लोंबतो. आमचा तक्ता दहा स्तंभांचा आहे. अशा वेळी तपासणीचे साधन, validator.w3.org/nu, स्पष्ट सांगते:

```text
A table row was 11 columns wide and exceeded the
column count established by the first row (10).
```

आम्ही सोपा मार्ग घेतला: पाचही ओळींत `<td>मधली सुट्टी</td>` असे पूर्ण लिहिले. पाहणाऱ्याला तेच शब्द पाचदा दिसतात, त्याने काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला मात्र कुठल्याही वारी, कुठल्याही बाजूने आले तरी ‘मधली सुट्टी’ ऐकू येते.

इथे एक खोल खड्डा आहे. सुट्टी ठळक दिसावी म्हणून त्या चौकटी `<th>` करण्याचा मोह होतो, कारण `<th>` आपोआप ठळक उमटते. तसे केले आणि `scope` दिले नाही तर काय होईल ते पाहा. त्या स्तंभात वरपासून खालपर्यंत फक्त `<th>` आहेत, म्हणून नियमानुसार प्रत्येक ‘मधली सुट्टी’ ही आपल्या ओळीचे शीर्षक ठरते. आता बुधवारच्या पाचव्या तासाचे शीर्षक शोधताना नियम डावीकडे चालत जातो. पहिले शीर्षक भेटते ‘मधली सुट्टी’. ते घेऊन तो पुढे जातो, चार विषय ओलांडतो आणि ‘बुधवार’पाशी पोहोचतो. पण त्याच ओळीचे, तेवढ्याच उंचीचे एक शीर्षक आधीच मिळालेले असल्यामुळे ‘बुधवार’ बाद होतो. म्हणजे नियमाप्रमाणे सुट्टीनंतरच्या चारही तासांचा वार ‘मधली सुट्टी’! पडद्यावर हे अजिबात दिसत नाही, आणि वरचे तपासणीचे साधनही काही बोलत नाही, कारण कोड म्हणून त्यात चूक नाही. सुट्टी हे कुठल्या ओळीचे नाव नव्हे, ती त्या वेळेतली माहिती आहे; तिची जागा `<td>` मध्येच. ठळक करायचे असेल तर ते काम सीएसएसकडे द्यावे.

शनिवारचा प्रश्न वेगळा निघाला. मूळ तक्त्यात शनिवार ही सहावी ओळ होती. पण शनिवारी सकाळची शाळा, तास 7:30 पासून, अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच. कागदावर शिक्षकांनी त्या ओळीत विषयांखाली बारीक अक्षरांत वेळा लिहिल्या होत्या. शीर्षके नीट लावल्यावर ही ओळ उलट जास्त खोटी झाली: ‘तास 1, 11:00, शनिवार, मराठी’ असे ऐकू येऊ लागले. शीर्षक लावले की ते आपल्या खालच्या प्रत्येक चौकटीविषयी एक विधान करते, आणि शनिवारी ते विधान खरे नव्हते. म्हणून शनिवारचा वेगळा तक्ता केला. त्याला एकच दिवस आहे, म्हणून तो उभा मांडला: तास, वेळ, विषय असे तीन स्तंभ आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘तास 1’, ‘तास 2’ ही `scope="row"` शीर्षके. मोबाइलवरही तो आडवा न सरकवता मावतो.

दोन तक्ते झाल्यावर नावांची गरज उघडच झाली. शाळेच्या त्या पानावर पाचवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्या आहेत. T दाबत जाणाऱ्याला ‘6 ओळी, 10 स्तंभांचा तक्ता’ एवढेच पुनःपुन्हा ऐकू आले तर आठवी अ कुठली हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरांत ‘आठवी अ’ होते, पण तो एक सुटा परिच्छेद होता. तक्त्याशी त्याचे नाते कोडमध्ये नव्हते. ते नाते `<caption>` जोडते. ती `<table>` उघडल्यावर लगेच, पहिलीच गोष्ट म्हणून लिहायची:

```html
<table lang="mr">
  <caption>आठवी अ: शनिवार, सकाळची शाळा</caption>
```

इयत्ता आणि तुकडी आधी, बाकीचे नंतर, कारण ऐकणारा पहिल्या दोन शब्दांवरच पुढे जायचे की थांबायचे हे ठरवतो. ‘शालेय वेळापत्रक’ हे शब्द आम्ही काढून टाकले. सगळ्याच तक्त्यांना ते लागू होते. `lang="mr"` मुळे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. संपूर्ण पान मराठी असेल तर ते `<html>` वरच लिहिलेले चांगले.

शेवटी सरांनी पुन्हा ऐकले. T, T, ‘आठवी अ: सोमवार ते शुक्रवार’. मग खाली, उजवीकडे. ‘बुधवार’, ‘तास 4, 12:45, भूगोल’, ‘मधली सुट्टी, 1:20, मधली सुट्टी’, ‘तास 5, 2:00, इतिहास’. सुट्टी दोनदा ऐकू आली, कारण स्तंभाच्या शीर्षकात आणि चौकटीत तेच शब्द होते. शीर्षकात ‘मधली सुट्टी, 1:20’ ऐवजी फक्त ‘1:20’ ठेवले आणि ते टळले.

वेळापत्रक जूनमध्ये बदलते, आणि दिवाळीनंतर बहुधा पुन्हा. ते बदलणाऱ्या कार्यालयातल्या माणसांना एवढीच विनंती: विषय हवे तसे हलवा, `<th>` आणि `scope` ला हात लावू नका, तासांच्या वेळा बदलल्या तर शीर्षकांतही बदला. आणि पान चढवण्याआधी एनव्हीडीए सुरू करून, पडद्याकडे न बघता, आठवी अ चा बुधवारचा पाचवा तास शोधून पाहा.