मोठं गिऱ्हाईक सोसतं का?

घाऊक व्यापाऱ्याच्या वहीत ज्याचं बिल सगळ्यात मोठं, त्याला चहा आधी मिळतो. त्याच्याकडून किती सुटतं, हे मात्र कुणी बघत नाही. टेम्पोचं डिझेल, हमाली, परत आलेला माल हे सगळं एकाच खर्चाच्या खात्यात पडतं आणि विक्रीच्या प्रमाणात सगळ्या गिऱ्हाइकांवर वाटलं जातं.

समजा, मसाल्यांचा एक व्यापारी आहे. एक सुपरमार्केट त्याच्याकडून महिन्याला ५ लाखांचा माल उचलतं. खरेदी ४ लाखांची, म्हणजे वर १ लाख. त्यातली ८ टक्के सूट, म्हणजे ४० हजार, पहिल्याच फटक्यात जाते. पुढचं कळायला कामाचा दर काढावा लागतो. तातडीच्या फेऱ्यांसाठी ठेवलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर, डिझेल आणि हप्ता मिळून महिना ४८ हजार होतात. ४० फेऱ्या होऊ शकतात, म्हणून फेरी १,२०० रुपयांना पडते. "आज संध्याकाळपर्यंत पाठवा" असे २० फोन आले, की २४ हजार. रोजची एक ऑर्डर नोंदवून माल काढायचे ३०० रुपये धरले, तर महिन्याचे ९ हजार. माल १२ वेळा परत आला. दर वेळी उतरवणं, तपासणं, क्रेडिट नोट काढणं यात १,५०० जातात, म्हणजे १८ हजार. फाटलेली पाकिटं फेकण्यात आणखी १४ हजार. बेरीज १ लाख ५ हजार. इतकी धावपळ करून ५ हजारांचा तोटा!

कोपऱ्यावरचा किराणावाला महिन्याला १ लाख २० हजारांचा माल घेतो. आठवड्याला एकच ऑर्डर, तीही नेहमीच्या फेरीतली. त्याच्या २४ हजारांतून सूट, ऑर्डर, फेऱ्या आणि एकदा परत आलेला माल वजा केला, तरी १७ हजारांच्या आसपास उरतात.

स्वीडनच्या कांथल या विद्युत तापतारांच्या कंपनीने १९८०च्या दशकात असाच हिशेब मांडला. हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन यांनी त्यावर लिहिलेलं प्रकरण आजही शिकवलं जातं. २० टक्के गिऱ्हाइकांनी एकूण नफ्याच्या २२५ टक्के कमावून दिले होते. ७० टक्के जेमतेम बरोबरीत होते आणि उरलेल्या १० टक्क्यांनी १२५ टक्के घालवले होते. सर्वाधिक तोट्यातल्या दोघांची नावं विक्रीच्या यादीत मात्र अगदी वर होती.

म्हणून सुपरमार्केटला लगेच नारळ देऊ नये. ते गेलं तरी ड्रायव्हरचा पगार आणि टेम्पोचा हप्ता चालूच राहतो. वाचतं ते फक्त डिझेल आणि फुटकळ खर्च. शिवाय टेम्पोच्या निम्म्याच फेऱ्या होत असतील, तर रिकाम्या वेळेचा भार सुपरमार्केटच्या माथी मारणंही चूक. तो धंद्याचा खर्च. आधी बोलणी करावीत: तातडीच्या फेरीला वेगळा आकार, परतीला मुदत, आणि सूट ऑर्डरच्या आकारावर, नावाच्या वजनावर नव्हे.

सुरुवातीला संगणक लागत नाही. गेल्या तीन महिन्यांच्या क्रेडिट नोटा आणि टेम्पोची वही गिऱ्हाइकांच्या नावांप्रमाणे लावून बघा.